अर्धवट सामन्यांचा हिशेब टॉसच्या आधी ठरवा : लीग आयोजकांना खुलं पत्र

प्रति,
मराठवाड्यातल्या जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या वीस षटकांच्या क्रिकेट लीगच्या आयोजन समित्या, पंच आणि स्कोअरर

सप्रेम नमस्कार.

बॉल कोणता, मॅटिंग कोण आणणार, प्रवेश फी किती, बक्षीस किती हे सगळं आपण लीगच्या महिनाभर आधी ठरवतो. सामना अर्धवट राहिला तर काय करायचं, हे मात्र ढग भरून आल्यावर बाउंड्रीच्या दोरीजवळ उभं राहून ठरतं. तोवर प्रत्येकाला आपला फायदा कुठे आहे ते कळलेलं असतं, त्यामुळे कुठलाही निर्णय घेतला तरी एक संघ रुसून घरी जातो. आपल्याकडे ही वेळ वरचेवर येते. ऑक्टोबरात परतीचा पाऊस रेंगाळतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट होते, डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास दिवस मावळतो. त्यात बहुतेक मैदानं काळ्या मातीची. अर्ध्या तासाची सर येऊन गेली आणि वर लख्ख ऊन पडलं, तरी बुटाखाली चिखलाचे गोळे चिकटतात आणि आउटफिल्ड दुसऱ्या दिवशीही सुकत नाही.

आम्ही या लीगमध्ये स्कोअरिंग आणि पंचगिरी करणारी मंडळी आहोत. एका सामन्याचा हिशेब तीन वेगवेगळ्या ठिकाणी लागतो: खेळाडूच्या नोंदीत, गुणतक्त्यात आणि नेट रनरेटमध्ये. या तिन्हींचे नियम वेगळे आहेत आणि ते वेगळेच ठेवायला हवेत. जवळजवळ प्रत्येक भांडण एका ठिकाणचं उत्तर दुसरीकडे लावल्यामुळे होतं. ‘सामना रद्द झाला ना, मग त्याच्या साठ धावा कशा धरता?’ हा प्रश्न त्यातलाच.

खेळाडूच्या नोंदीचा नियम सर्वांत सोपा आहे. टॉस झाला की सामना झाला. आंतरराष्ट्रीय सामन्यांतही हीच रेघ धरतात. टॉसच्या आधीच खेळ रद्द झाला तर कुणाच्याही नावावर सामना लागत नाही. टॉस झाला आणि एकही चेंडू पडला नाही, तर दोन्ही संघांच्या अकरा जणांच्या नावावर सामना लागतो, डाव मात्र कुणाचाच लागत नाही. एकदा चेंडू पडला की पुढची प्रत्येक धाव, प्रत्येक विकेट आणि प्रत्येक झेल कायमचा. मग सामन्याचा निकाल लागो वा न लागो. 2009 मध्ये अँटिग्वात वेस्ट इंडिज आणि इंग्लंड यांची कसोटी दहा चेंडूंत थांबवावी लागली, कारण आउटफिल्डवर वाळूच वाळू होती आणि गोलंदाजांना धावता येईना. ती कसोटी आजही कसोटी म्हणूनच नोंदली आहे आणि ते दहा चेंडूही.

सामना पुन्हा खेळवला तर काय, हा प्रश्न इथेच येतो. त्याचं उत्तर 2002 च्या चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात आहे. कोलंबोत पहिल्या दिवशी श्रीलंकेनं 5 बाद 244 केल्या, भारताच्या बिनबाद 14 झाल्या आणि पाऊस आला. दुसऱ्या दिवशी सामना नव्यानं सुरू झाला. श्रीलंकेनं 7 बाद 222 केल्या, भारत 1 बाद 38 वर असताना पुन्हा पाऊस. करंडक दोघांत वाटला गेला. नोंदीत मात्र ते दोन स्वतंत्र सामने आहेत, दोन्ही अनिर्णित, आणि दोन्ही दिवसांच्या धावा ज्याच्या त्याच्या नावावर. उलट 2019 च्या विश्वचषकात भारत आणि न्यूझीलंड यांचा उपांत्य सामना 46.1 षटकांवर थांबला आणि दुसऱ्या दिवशी त्याच चेंडूपासून पुढे सुरू झाला, म्हणून तो एकच सामना. तेव्हा राखीव दिवस ठेवणार असाल, तर ‘नव्यानं’ की ‘तिथूनच पुढे’ यातलं एक नियमपत्रकात लिहा. नव्यानं खेळवणार असलात तरी आदल्या दिवशीचं स्कोअरशीट फाडू नका.

अर्धवट डावात नाबाद कोण, यावरही घोळ होतो. खेळ थांबला तेव्हा क्रीजवर असलेले दोघं नाबाद. पॅड बांधून बसलेल्याचा डाव धरायचा नाही. गोलंदाजाचं अर्धवट षटक चेंडूंनी लिहायचं, 2.4 म्हणजे दोन षटकं आणि चार चेंडू. ते ‘पूर्ण झालं नाही’ म्हणून सोडून द्यायचं नाही, आणि वर ढकलून तीनही करायचं नाही.

इथे एक बारीक चूक एक्सेल शीटमध्ये दर हंगामात सापडते. गोलंदाजानं एका सामन्यात 3.4 आणि दुसऱ्यात 2.5 षटकं टाकली. शीटमध्ये बेरीज येते 5.9. खरा हिशेब 22 चेंडू अधिक 17 चेंडू, म्हणजे 39 चेंडू, म्हणजे 6.3 षटकं. पूर्ण वीस षटकांच्या सामन्यात संघाच्या षटकांचा आकडा बहुतेक वेळा पूर्ण असतो म्हणून ही चूक दबून राहते. कापलेल्या सामन्यांत ती वर येते. म्हणून षटकांचा रकाना फक्त वाचायला ठेवा आणि त्याच्या शेजारी चेंडूंचा रकाना करा. सगळ्या बेरजा आणि भागाकार चेंडूंवरच करा. षटकांचा आकडा A2 मध्ये असेल तर:

```
=INT(A2)*6+ROUND((A2-INT(A2))*10,0)
```

आता गुणतक्ता. इथे आमचं म्हणणं थोडक्यात असं: विजयाला 2, अनिर्णित सामन्याला दोघांना 1-1. निकाल धरण्यासाठी दुसऱ्या डावात किमान पाच षटकं झालेली असावीत. संघ त्याआधीच सर्वबाद झाला किंवा त्यानं लक्ष्य गाठलं तर प्रश्न नाही, निकाल लागलाच. हा पाच षटकांचा नियम आंतरराष्ट्रीय टी-20 चाच आहे, तो बदलायचं कारण आम्हाला दिसत नाही. चार षटकांवर निकाल द्या असं सांगणारा कर्णधार हमखास पुढे असलेल्या संघाचा असतो. गुण सारखे झाले तर आधी विजयांची संख्या पाहा, मग नेट रनरेट.

गुणांची टक्केवारी काढावी अशीही सूचना अधूनमधून येते, कारण जागतिक कसोटी स्पर्धेत 2020 पासून तसं करतात. तिथे कोविडमुळे मालिकाच रद्द झाल्या आणि संघांचे सामने कमीजास्त झाले, म्हणून ते आलं. आपल्या सात सामन्यांच्या लीगमध्ये त्यानं उलटंच होईल. चार जिंकून तीन सामने पावसात गेलेला संघ शंभर टक्क्यांवर बसेल आणि सातपैकी सहा जिंकलेला त्याच्या खाली जाईल. 1-1 च्या पद्धतीत पहिल्याचे 11 आणि दुसऱ्याचे 12 होतात, ते जास्त न्याय्य आहे.

एक पळवाटही आत्ताच बुजवा. सामना रद्द झाल्याचं फक्त पंचांनी, मैदानावर येऊन, वेळ घालून लिहून द्यावं. ‘पाऊस होता म्हणून आलो नाही’ हा वॉकओव्हरच आहे.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. समजायला सोपं जावं म्हणून दोन काल्पनिक संघ घेऊ, नावं नद्यांची: गोदावरी आणि मांजरा. गोदावरीनं वीस षटकांत 7 बाद 156 केल्या. मधल्या वेळेत पाऊस झाला आणि मांजराला दहाच षटकं मिळणार असं ठरलं. लक्ष्य किती? बहुतेक मैदानांवर सरळ निम्मं करतात: 78 बरोबरी, 79 विजय. पण हा गोदावरीवर अन्याय आहे. दहा षटकांत दहा विकेट हाताशी असलेला संघ पहिल्या चेंडूपासून दांडपट्टा चालवू शकतो. गोदावरीला तेवढ्याच विकेट वीस षटकं पुरवायच्या होत्या.

डकवर्थ-लुईसच्या छापील तक्त्यात, म्हणजे हातानं हिशेब करता येतो त्या जुन्या आवृत्तीत, पन्नास षटकं आणि दहा विकेट म्हणजे 100 टक्के साधनं धरली आहेत. त्या मापात वीस षटकं आणि दहा विकेट म्हणजे 56.6, तर दहा षटकं आणि दहा विकेट म्हणजे 32.1. म्हणजे षटकं निम्मी झाली तरी साधनं निम्म्याहून जास्त उरतात. 156 ला 32.1 नं गुणून 56.6 नं भागलं की 88.47 येतात. बरोबरीचा आकडा 88, लक्ष्य 89. निम्म्याच्या हिशेबापेक्षा पूर्ण दहा धावा जास्त.

पाऊस मांजराच्या डावाच्या मध्येच आला आणि पुढे खेळच झाला नाही, तर विकेटही बोलायला लागतात. वीस षटकांच्या पाठलागात मांजराची दहा षटकं झाली आणि 2 विकेट गेल्या असतील, तर शिल्लक साधनं 30.8, म्हणजे वापरली 25.8. बरोबरी 71 वर. तेवढ्याच षटकांत 4 विकेट गेल्या असतील तर शिल्लक 28.3, वापरलीही 28.3, बरोबरी नेमकी 78 वर. याचा अर्थ असा की ‘रनरेट कोणाचा जास्त’ हा आपला लाडका नियम या उदाहरणात नेमक्या चार विकेट पडल्या असतील तरच बरोबर येतो. मांजरा 2 बाद 74 असेल तर रनरेटनं हरतो, तक्त्यानं जिंकतो. आणि जिंकायलाच हवा, आठ विकेट हातात आहेत.

बरोबरी आणि लक्ष्य यांत एका धावेचा फरक आहे, तो स्कोअररच्या टेबलावरून मैदानात जाताना हरवतो. 2003 च्या विश्वचषकात डर्बनला दक्षिण आफ्रिकेनं 45 षटकांत 229 धावा केल्या. तो बरोबरीचा आकडा होता. विजयाचा आहे असं समजून शेवटचा चेंडू नुसता तटवला गेला, पाऊस आला, सामना बरोबरीत सुटला आणि यजमान संघ स्पर्धेबाहेर गेला. म्हणून प्रत्येक षटकाच्या शेवटी कर्णधाराला द्यायच्या चिठ्ठीवर ‘जिंकायला इतक्या’ एवढंच लिहा.

निकाल लागला, गुण दिले, आता नेट रनरेट. आपल्या पहिल्या उदाहरणात मांजरानं 89 च्या मागे जाऊन दहा षटकांत 6 बाद 84 केल्या. गोदावरी 4 धावांनी जिंकली. आता स्कोअरर शीट उघडतो आणि सरळ खरे आकडे टाकतो: गोदावरी 156 भागिले 20, म्हणजे 7.80. मांजरा 84 भागिले 10, म्हणजे 8.40. गोदावरीचा नेट रनरेट उणे 0.60! जिंकलेल्या संघाचा रनरेट घसरला आणि हरलेल्याचा वाढला. ही चूक कुणी मुद्दाम करत नाही. शीट नेहमीचंच असतं, सूत्र नेहमीचंच असतं, म्हणून कुणाला शंका येत नाही.

बरोबर रीत अशी की लक्ष्य बदललं गेलं की पहिल्या संघाच्या खात्यात लक्ष्यापेक्षा एक कमी एवढ्या धावा धरायच्या, आणि षटकं दुसऱ्या संघाला मिळाली तेवढीच. गोदावरी 88 भागिले 10, मांजरा 84 भागिले 10. गोदावरी अधिक 0.40, मांजरा उणे 0.40. सामना मध्येच थांबून निकाल लागला असेल, तर त्या क्षणाची बरोबरीची संख्या आणि दुसऱ्या संघानं खेळलेली षटकं. आपल्या दुसऱ्या उदाहरणात 2 बाद 74 वर खेळ संपला, तर गोदावरी 71 भागिले 10 आणि मांजरा 74 भागिले 10. या 88 आणि 71 धावा फक्त रनरेटच्या रकान्यात राहतात. गोदावरीच्या सलामीवीरानं 71 केल्या असतील तर त्या 71 च, आणि मांजराच्या गोलंदाजांनी वीस षटकांत दिलेल्या 156 त्यांच्या नावावर जशाच्या तशा. संघाच्या धावा कमी धरल्या म्हणून खेळाडूंच्याही त्याच प्रमाणात कापलेलं आम्ही पाहिलं आहे. तसं करू नये.

सर्वबाद झालेल्या संघाची षटकं पूर्ण धरतात हे सगळ्यांना माहीत आहे. पूर्ण म्हणजे त्या दिवशी वाट्याला आलेली. दहा षटकांच्या डावात संघ 8.2 षटकांत गारद झाला तर भागायचं दहानं, वीसनं नाही. आणि अनिर्णित सामना रनरेटमध्ये अजिबात घ्यायचा नाही, कुणी साडेचार षटकांत बिनबाद 52 केल्या असल्या तरी. त्या 52 फलंदाजांच्या नावावर जातील, संघाच्या रनरेटमध्ये नाही. त्यामुळे हंगामाच्या शेवटी खेळाडूंच्या धावा आणि अवांतर यांची बेरीज रनरेटच्या तक्त्यातल्या संघाच्या धावांशी जुळणार नाही. ती जुळू नयेच. मात्र फरक नेमका कुठल्या सामन्यांमुळे आला, हे एका रकान्यात लिहून ठेवा. त्याचा मेळ लागला नाही तर कुठेतरी नोंद चुकली आहे असं समजा.

आणखी एक चूक फक्त कापलेल्या सामन्यांत विषारी होते: प्रत्येक सामन्याचा रनरेट वेगळा काढून त्यांची सरासरी घेणं. समजा एका संघानं वीस षटकांच्या सामन्यात 150 विरुद्ध 140 असा विजय मिळवला, म्हणजे अधिक 0.50. पुढचा सामना पाच षटकांचा, त्यात 60 विरुद्ध 35, म्हणजे अधिक 5.00. या दोनांची सरासरी 2.75. पण एकूण धावा भागिले एकूण षटकं केलं, तर 210 भागिले 25 वजा 175 भागिले 25, म्हणजे अधिक 1.40. हेच खरं. नाहीतर पाच षटकांची हाणामारी वीस षटकांच्या सामन्याइतकी वजनदार होते आणि संघ चक्क पाऊस यावा म्हणून प्रार्थना करायला लागतात.

राहिला बक्षिसांचा प्रश्न. सरासरी म्हणजे धावा भागिले किती वेळा बाद झाला. कापलेल्या सामन्यांत दोन टोकाच्या गोष्टी होतात. सलामीवीर पाच षटकांच्या डावात पहिल्याच चेंडूला बॅट फिरवून बाद होतो, आणि मधल्या फळीतला अर्धवट डावांमुळे नाबादच राहतो. एकाच्या सात डावांत एकदा नाबाद राहून 301 धावा, सरासरी 50.17. दुसऱ्याच्या पाच डावांत तीनदा नाबाद राहून 212, सरासरी 106. यावर काहीजण छोट्या सामन्यातल्या धावांना वेगळं वजन द्या म्हणतात. आमचा त्याला विरोध आहे. वजनं ठरवायला बसलो तर प्रत्येक संघ आपापली वजनं घेऊन येईल, आणि मग ती सरासरी दुसऱ्या कुठल्याच स्पर्धेशी ताडून पाहता येणार नाही.

त्याऐवजी पात्रतेची अट घाला, आणि ती सामन्यांच्या संख्येवर नको, चेंडूंवर हवी. संघानं हंगामात प्रत्यक्ष खेळलेल्या चेंडूंच्या किमान दहावा हिस्सा फलंदाजानं खेळलेला असावा, आणि संघानं टाकलेल्या चेंडूंच्या किमान दहावा हिस्सा गोलंदाजानं टाकलेला असावा. पावसामुळे संघाच्या वाट्याला 118 षटकंच आली तर ती 708 चेंडू होतात, म्हणजे पात्रतेला 71 चेंडू. हंगाम कोरडा गेला तर अट आपोआप वर जाते. मुख्य फलंदाजाचं बक्षीस मात्र एकूण धावांवर द्या आणि सरासरीची यादी वेगळी लावा. गोलंदाजांना छोट्या सामन्यात षटकंही कमी मिळतात: एकूण षटकांचा पाचवा हिस्सा, भाग नीट जात नसेल तर गरजेपुरत्या गोलंदाजांना एकेक जास्त. बारा षटकांच्या डावात दोघांना तीन आणि बाकी तिघांना दोन. हे पंचांनी डाव सुरू होण्याआधी दोन्ही कर्णधारांना सांगावं, मध्येच नको.

मोबाइलवरच्या ॲपवर स्कोअरिंग करत असाल तर हंगामाआधी एक खोटा सामना टाकून तो चार षटकांवर रद्द करून पाहा. धावा खेळाडूच्या खात्यात राहिल्या का? रनरेटमधून गेल्या का? दुसरा खोटा सामना लक्ष्य बदलून पूर्ण करा आणि पहिल्या संघाच्या किती धावा धरल्या ते बघा. ॲपचा आकडा वरच्या रितीशी जुळत नसेल तर गुणतक्ता हातानं ठेवा.

समितीकडे आमची मागणी एवढीच आहे. हे नियम एका पानावर, डकवर्थ-लुईसच्या तक्त्यासकट, टीम लिस्टच्या मागच्या बाजूला छापा. टॉसला जाताना दोन्ही कर्णधारांनी पुढच्या बाजूला सही करतात तशी मागेही करावी. दिवस कमी पडणार असेल तर षटकं कशी कापायची तेही त्याच पानावर हवं: वीस षटकांच्या डावाला 85 मिनिटं धरली तर दर साडेआठ मिनिटांच्या नुकसानीला दोन्ही संघांचं एकेक षटक जातं. हे यंदाच्या पहिल्या सामन्यापासून लागू करा. गेल्या हंगामाचे तक्ते मात्र उकरू नका, ते ज्या समजुतीनं खेळले गेले त्याच समजुतीवर राहू द्या.

आपले,
मराठवाड्यातल्या लीगमधले काही स्कोअरर आणि पंच